सूचनापत्रातील अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ: प्रत्यय लागला की शब्द का बदलतो?

डोंबिवली_पूर्व

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे सूचनापत्र मी तयार केले आहे. फलकावर लावण्यापूर्वी ते दोन जाणकार सभासदांना दाखवले, तर एकांनी जिथे खूण केली तिथे दुसऱ्यांनी केली नाही. माझी अडचण अशी आहे की मूळ शब्द मला बहुधा अचूक लिहिता येतात. 'जमीन' आणि 'वकील' यांतले दुसरे अक्षर दीर्घ आहे हे मला पक्के ठाऊक आहे आणि म्हणूनच मी 'जमीनीच्या' व 'वकीलांनी' असे लिहिले. तरीही ते चूक ठरवले गेले. मसुदा जसाच्या तसा देत आहे. केवळ दुरुस्त्या नकोत, त्यांमागचे कारणही कळले तर पुढच्या वर्षी उपयोग होईल.

"सर्व सभासदाना कळविण्यात येते कीं, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी आयोजीत केली आहे. सभेत जमीनीच्या अभिहस्तांतरणाबाबत वकीलांनी दिलेला अहवाल, पाणीपुरवठ्याच्या पंपाची दूरुस्ती आणि राखीव निधितून करावयाच्या खर्चास मंजूरी हे विषय घेतले जातील. मा. अध्यक्षानी सूचविल्यानुसार गुणवंत विद्यार्थींचा सत्कारही होईल. विषयपत्रिकेवर हरकत असल्यास सात दिवसात लेखी कळवावे. सर्वानी वेळेवर उपस्थित रहावे."

मुद्रितशोधक

मी अनेक वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत, त्यामुळे असा मसुदा समोर आला की हात आपोआप लेखणीकडे जातो. आधी अनुस्वार पाहू, ऱ्हस्व-दीर्घाकडे नंतर वळू, कारण दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

आपल्या मसुद्यात 'सभासदाना', 'अध्यक्षानी', 'सर्वानी' आणि 'दिवसात' या चार ठिकाणी बिंदू राहिला आहे, आणि 'कीं' या एका ठिकाणी तो जास्तीचा आला आहे. राहिलेल्या चारही ठिकाणचे कारण एकच आहे. नाम किंवा सर्वनाम अनेकवचनी असेल आणि त्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडले असेल, तर प्रत्ययाच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार द्यावा लागतो. सभासद अनेक आहेत, म्हणून 'सभासदांना'. 'सर्व' अनेकवचनी आहे, म्हणून 'सर्वांनी'. शब्दयोगी अव्ययाचेही तसेच: 'सभासदांसाठी', 'सभासदांपैकी'.

'अध्यक्षांनी' येथे थोडे थांबावे लागेल, कारण अध्यक्ष एकच आहेत. परंतु आपण त्यांच्याविषयी आदराने लिहीत आहोत, आणि आदरार्थी बहुवचनालाही हाच नियम लागू होतो. खरे तर 'नी' हा प्रत्ययच तृतीयेच्या अनेकवचनाचा आहे. एकवचन हवे असेल तर 'अध्यक्षाने' असे लिहावे लागेल. 'अध्यक्षानी' हे रूप एकवचनाचेही नाही आणि अनेकवचनाचेही नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो तो 'सात दिवसांत' हा बिंदू. मागे एकाहून मोठी संख्या असेल, तर पुढच्या नामाला प्रत्यय लागताना बिंदू येणारच: 'पाच वर्षांपूर्वी', 'दोन महिन्यांत', 'दहा टक्क्यांनी'. 'या वर्षात' मात्र बिंदूशिवाय, कारण वर्ष एकच आहे. संख्येमुळे 'सात दिवसात' वाचून कोणाचा गैरसमज होणार नाही हे खरे. पण 'सदनिकेत' आणि 'सदनिकांत' यांतला फरक ज्या कागदावर महत्त्वाचा असतो, त्या कागदावर ही सवय उपयोगी पडते.

अंजनेरी

एवढे लक्षात ठेवण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. नियम साधा आहे: उच्चार नाकातून होत असेल तर बिंदू द्यावा, होत नसेल तर देऊ नये. 'आंबा', 'चिंच', 'तंटा' म्हणताना नाकातून आवाज येतो, म्हणून तेथे बिंदू असतो. 'कीं' आणि 'नांव' यांत येत नाही, म्हणून तेथील बिंदू गेले. मराठी जशी बोलली जाते तशी लिहिली जाते, हे आम्हाला शाळेत शिकवले होते.

मुद्रितशोधक

अंजनेरी, आपण सांगितलेला नियम खराच आहे आणि तो पहिलाच नियम आहे. पण तो शब्दाच्या पोटातल्या स्पष्ट अनुनासिकापुरता आहे. 'सभासदांना' हा शब्द नेहमीच्या गतीने मोठ्याने म्हणून पाहा. बहुतेकांच्या तोंडून 'सभासदाना' असाच उच्चार येतो, आणि नेमके तेच मूळ मसुद्यात उतरले आहे. मसुदा लिहिणाऱ्याने आपलाच नियम पाळला आणि म्हणूनच तीन-चार ठिकाणी चूक झाली. हा बिंदू वचन दाखवण्यासाठी आहे. त्याचा निर्णय कानाने न करता 'एक की अनेक' या प्रश्नाने करावा लागतो.

'कीं'वरचा बिंदू गेला तो दुसऱ्या नियमाने. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले 14 नियम राज्य शासनाने 1962 साली स्वीकारले आणि 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. या 18 नियमांत स्पष्ट म्हटले आहे की व्युत्पत्तीमुळे येणारे आणि केवळ व्याकरणामुळे दिले जाणारे अनुच्चारित अनुस्वार देऊ नयेत. त्यामुळे 'कांही', 'पांच', 'जेव्हां', 'घरें', 'करावें' या सगळ्यांवरचे बिंदू गेले. अनेकवचनी सामान्यरूपाचा बिंदू मात्र नियमानेच राखला. जुन्या पिढीतले लोक नको तिथे बिंदू देतात आणि नव्या पिढीतले हवा तिथे देत नाहीत, याचे मूळ या फेरबदलात आहे असे माझे निरीक्षण आहे.

वऱ्हाडी_वाचक

ते बिंदू काढले हे मला आजही पटत नाही. 'नांव' आणि 'नाव' हे दोन वेगळे शब्द होते. एक 'नाम' या शब्दावरून आला, त्यातल्या 'म'ची खूण त्या बिंदूत होती. 'ग्राम'वरून आलेल्या 'गांव'चेही तसेच. दुसरा शब्द पाण्यावर चालणाऱ्या नावेचा. आता दोन्ही एकसारखे लिहावे लागतात. शब्दाचा इतिहास पुसून लेखन सोपे करणे हा फायद्याचा व्यवहार आहे का, याचा विचार व्हायला हवा.

मडगाव_सासष्टी

या मुद्द्याला आमच्याकडे वेगळी बाजू आहे. गोव्यात देवनागरी कोकणीत आम्ही 'नांव', 'गांव', 'हांव' असेच लिहितो, कारण आमच्या तोंडी तो अनुनासिक उच्चार आजही जिवंत आहे. मी मराठी शिकवते, आणि मुलांच्या मराठी निबंधांत 'माझें नांव' किंवा 'आमचें घर' हे नेमाने सापडते. मुलांना मी हे चुकीचे उच्चारण आहे असे कधीच सांगत नाही, कारण ते चुकीचे नाहीच. मराठी लेखनाच्या नियमात हा बिंदू दिला जात नाही आणि कोकणीत दिला जातो, एवढेच सांगते. त्यामुळे 'उच्चाराप्रमाणे लिहा' हे सूत्र आमच्या वर्गात अजिबात चालत नाही. कोणाचा उच्चार, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

डोंबिवली_पूर्व

अनुस्वाराचे पटले. संख्या आणि आदर या दोन गोष्टी पाहायच्या, हे लक्षात राहील. आता 'जमीनीच्या' आणि 'वकीलांनी' यांचे काय? आणि 'आयोजीत' का चुकले? 'गरीब', 'वकील', 'जमीन' यांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते, म्हणून मी 'आयोजीत'ही दीर्घ लिहिले.

मुद्रितशोधक

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. मराठी अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतात हे बरोबर: गरीब, वकील, मजूर, फूल, बहीण. पण त्याच शब्दाला प्रत्यय लागून त्याचे सामान्यरूप झाले की तो दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. म्हणून जमीन, पण जमिनीच्या. वकील, पण वकिलांनी. मजूर, पण मजुरांना. बहीण, पण बहिणीस. 'मंजूरी'चे कारण यालाच लागून आहे. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, म्हणून मंजूर–मंजुरी, वसूल–वसुली, गरीब–गरिबी. 'दुरुस्ती'त 'रु' ऱ्हस्व आहे कारण पुढे जोडाक्षर आहे, आणि त्याच्याही आधीचा 'दु' ऱ्हस्व आहे कारण मराठी शब्दात इतक्या मागचे इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्वच असतात.

गावांची नावेही याच वाटेने जातात. 'पूर' दीर्घ, म्हणून नागपूर, सोलापूर, कोल्हापूर. पण प्रत्यय लागल्यावर नागपुरात, सोलापुरातून, कोल्हापुरास. 'नागपूरात' असे रूप दुकानांच्या पाट्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर इतके दिसते की तेच बरोबर वाटू लागले आहे.

आता दुसरी बाजू. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द ही वाट सोडून चालतात. त्यांच्यातला मधला स्वर संस्कृतात जसा असेल तसाच राहतो, आणि प्रत्यय लागला तरी बदलत नाही. 'शरीर' दीर्घ, म्हणून 'शरीरात'ही दीर्घ. 'परीक्षा' दीर्घ आणि 'परीक्षेत'ही दीर्घ. या फरकासाठी मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते 'पीठ' या शब्दाचे. गव्हाचे पीठ हा घरगुती मराठी शब्द आहे, म्हणून आपण 'पिठात मीठ घातले' असे लिहितो. विद्यापीठातले 'पीठ' तत्सम आहे, म्हणून 'विद्यापीठात प्रवेश घेतला' असे लिहितो. ऐकायला शब्द तोच आहे, पण घराणे वेगळे आहे.

'आयोजित' याच कारणाने ऱ्हस्व आहे. येथे 'इत' हा संस्कृत प्रत्यय आहे आणि तो ऱ्हस्व आहे. ओळखण्याची सोपी रीत अशी की शब्दाशेजारी त्याचे क्रियावाचक संस्कृत नाम ठेवून पाहावे: आयोजन–आयोजित, प्रकाशन–प्रकाशित, नियोजन–नियोजित, स्थापना–स्थापित. अशी जोडी जुळली की 'इत' ऱ्हस्व लिहावे. 'सुचविल्यानुसार'चे उलट आहे. 'सूचना' आणि 'सूचित' हे तत्सम असल्याने दीर्घ आहेत, पण 'सुचणे' आणि 'सुचवणे' ही मराठी क्रियापदे आहेत आणि तेथे 'सु' ऱ्हस्व आहे. 'सूचना'कडे पाहून 'सूचविणे' लिहिले जाते.

डोंबिवली_पूर्व

मग आमच्या फलकावर दर महिन्याला लागणारी 'थकीत देखभाल शुल्क' ही यादी 'थकित' अशी करावी का? तेथेही शेवटी 'इत' आहे.

मुद्रितशोधक

करू नये. 'थकीत' हा 'थकणे' या मराठी क्रियापदावरून झालेला मराठी शब्द आहे, त्यामुळे तेथे उपान्त्य दीर्घच राहते. 'स्थगित सभा' ऱ्हस्व आणि 'थकीत रक्कम' दीर्घ, अशा दोन नोंदी एकाच फलकावर येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतील. जोडीची कसोटीही हेच सांगते: 'स्थगन' आहे, पण 'थकन' असे संस्कृत नाम मिळत नाही.

याच ओघात 'तारीख' या शब्दाबद्दल सांगतो, कारण सूचनापत्रांत तो हटकून येतो. काही तीन अक्षरी शब्दांत पहिले अक्षर दीर्घ असते आणि दुसऱ्यात ईकार-ऊकार असतो. अशांत प्रत्यय लागल्यावर मधला स्वर ऱ्हस्व न होता त्याच्या जागी 'अ' येतो. तारीख–तारखेस, बेरीज–बेरजेत, लाकूड–लाकडाचे. म्हणून 'तारिखेस' आणि 'तारीखेस' ही दोन्ही रूपे टाळावीत.

पाटस_गाव

मला वेगळेच विचारायचे आहे. माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'मारुति' आणि सातबाऱ्यावर 'मारुती' असे आहे. वारसनोंदीच्या अर्जात कोणते लिहावे? वर दिलेल्या नियमाने एक चूक ठरत असेल, तर चुकीचा कागद दुरुस्त करून घ्यावा का?

मुद्रितशोधक

आपला प्रश्न शुद्धलेखनाचा कमी आणि कागदपत्रांचा अधिक आहे. लेखनाच्या नियमाने व्यक्तिनामाचे शेवटचे अक्षर दीर्घ, म्हणजे 'मारुती'. पण 'मारुति' ही जुन्या पद्धतीची नोंद आहे आणि त्या काळी ती योग्यच होती. कायदेशीर अर्जात मूळ नोंदीशी जुळणे महत्त्वाचे असते. शुद्धलेखनाच्या नियमासाठी कोणताही दाखला बदलून घेऊ नये असे माझे मत आहे. जमिनीच्या नोंदीचा अर्ज असल्याने सातबाऱ्यावरचे रूप लिहावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे कशा प्रकारे नोंदवायचे, ते तलाठी कार्यालयात विचारावे.

अंजनेरी

अनुस्वाराबाबत माझे म्हणणे अपुरे होते हे मान्य. पण तत्सम शब्द संस्कृताप्रमाणे जसेच्या तसे लिहायचे असतील, तर मसुद्यातले 'निधितून' बरोबर ठरायला हवे. संस्कृतात 'निधि' ऱ्हस्वच आहे. 'कवि', 'बुद्धि', 'गुरु' हेही तसेच. मग ते दीर्घ का करायचे?

मुद्रितशोधक

शंका रास्त आहे, आणि या ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. तत्सम शब्दाचा मधला स्वर संस्कृताप्रमाणे राहतो, पण शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा असे नियमानेच ठरले आहे: निधी, कवी, बुद्धी, गुरू, पशू. मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार लांबतोच, त्याला धरून हा नियम झाला. एकदा दीर्घ झाल्यावर मराठी प्रत्यय लागला तरी तो दीर्घच राहतो. म्हणून 'निधीतून', 'कवीला', 'गुरूंनी'. 'आणि', 'नि' ही अव्यये आणि 'परंतु', 'तथापि' यांसारखी तत्सम अव्यये मात्र ऱ्हस्वान्तच राहतात. 'आणी' असे कधीही लिहू नये.

मूळचा ऱ्हस्व स्वर परत दिसतो तो समासात, म्हणजे तोच शब्द दुसऱ्या शब्दाच्या आधी जोडला गेला की. 'निधी' पण 'निधिसंकलन'. 'बुद्धी' पण 'बुद्धिबळ'. 'वसती' पण 'वसतिगृह'. 'गुरू' पण 'गुरुदक्षिणा'. संस्कृत प्रत्यय लागतानाही तसेच: 'कवित्व', 'शक्तिमान'. जे मुळातच दीर्घ आहेत ते दीर्घ राहतात: 'नदीकाठ', 'लक्ष्मीपूजन', 'भूगोल'. आणि 'पाणी' हा शब्द तत्सम नाही, तो मराठी आहे. म्हणून आपल्या मसुद्यातले 'पाणीपुरवठा' अगदी बरोबर आहे. त्याला कोणी 'पाणिपुरवठा' करू नये.

डोंबिवली_पूर्व

म्हणजे मसुदा आता असा होतो. कोणाला काही खटकले तर सांगावे.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी आयोजित केली आहे. सभेत जमिनीच्या अभिहस्तांतरणाबाबत वकिलांनी दिलेला अहवाल, पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती आणि राखीव निधीतून करावयाच्या खर्चास मंजुरी हे विषय घेतले जातील. मा. अध्यक्षांनी सुचविल्यानुसार गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कारही होईल. विषयपत्रिकेवर हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे."

'विद्यार्थींचा' हे वाचतानाच खटकले होते, म्हणून 'विद्यार्थ्यांचा' केले. 'रहावे'चे 'राहावे' मी शब्दकोश पाहून केले.

मडगाव_सासष्टी

मला आता काहीही खटकत नाही. 'राहावे' योग्यच आहे. मूळ क्रियापद 'राहणे' आहे, त्यामुळे पहिल्या अक्षराचा काना सोडायचा नाही. 'पाहणे'–'पाहावे' हेही तसेच. सभेनंतर आपण कार्यवृत्त लिहाल तेव्हा 'इतिवृत्तान्त' हा शब्द परसवर्ण, म्हणजे अनुस्वाराच्या जागी पुढच्या अक्षराच्या वर्गातले अनुनासिक, वापरून लिहावा असे मी सुचवीन. 'अंत' या अर्थाचा 'अन्त' आणि 'मध्ये' या अर्थाचा अनेकवचनी 'आंत' यांत त्यामुळे घोटाळा होत नाही. 'शालान्त परीक्षा' म्हणजे शाळेच्या शेवटची परीक्षा. 'शालांत' असे लिहिले तर त्याचा अर्थ 'अनेक शालांमध्ये' असा होऊ शकतो.

वऱ्हाडी_वाचक

पाहा, 'नांव' आणि 'नाव' यांचा घोटाळा चालतो, पण 'शालांत'चा चालत नाही. मला या दोन निर्णयांत मेळ दिसत नाही.

मुद्रितशोधक

आपल्या आक्षेपात तथ्य आहे. एवढेच म्हणेन की 'नाव नोंदवावे' या वाक्यात कोणालाही होडी दिसत नाही, आणि तो जुना बिंदू बहुतेक मराठी भाषकांना व्युत्पत्ती पाठ केल्याशिवाय देता येत नव्हता. परसवर्ण तर तत्सम शब्दांपुरते आणि ऐच्छिकच ठेवले आहे. 'पंडित' लिहा किंवा 'पण्डित' लिहा. तरीही शब्दाचा इतिहास दाखवणारी एक खूण गेली हे मी नाकारणार नाही.

मडगाव_सासष्टी

माझ्या दोन शंका मात्र अजून सुटलेल्या नाहीत. पहिली 'तुम्हाला' आणि 'तुम्हांला' यांची. अनेकवचनी सर्वनामाला प्रत्यय लागतो, म्हणून नियमाने बिंदू यायला हवा. पण वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत बिंदू नसलेलेच रूप जास्त दिसते. दुसरी 'विद्यार्थी संघटना' या शब्दाची. 'विद्यार्थी' मुळात 'विद्यार्थिन्' आहे, त्यामुळे जोडून लिहिले तर 'विद्यार्थिसंघटना' व्हावे, जसे 'मंत्रिमंडळ' आणि 'प्राणिसंग्रहालय' होते. पण सगळे लोक दोन शब्द तोडून आणि दीर्घ लिहितात. मुलांना काय सांगावे?

मुद्रितशोधक

पहिल्याबाबत मी स्वतः 'तुम्हांला' लिहितो, कारण नियमाचा शब्द तसा आहे. मात्र मुद्रित तपासताना लेखकाने सगळीकडे 'तुम्हाला' लिहिले असेल तर मी बिंदू घालत नसे. एकाच लेखनात दोन्ही रूपे आली तरच खूण करत असे. दुसऱ्याबाबत 'मंत्रिमंडळ', 'मंत्रिपद', 'पक्षिमित्र' यांत मी तडजोड करत नाही, कारण ते एकजीव समास आहेत. 'विद्यार्थी संघटना' तोडून लिहिल्यावर पहिला शब्द स्वतंत्र राहतो आणि दीर्घ लिहिण्याला आधार मिळतो. माझ्या काही सहकाऱ्यांना मात्र हे मुळीच मान्य नव्हते. ते म्हणत की मध्ये जागा सोडल्याने समास मोडत नाही.

अंजनेरी

मला आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अधिक बरोबर वाटते. जागा सोडणे हा लिहिणाऱ्याच्या हाताचा प्रश्न आहे, शब्दाच्या घडणीचा नाही. असे असेल तर 'विद्यार्थि संघटना' लिहावे लागेल, आणि ते कोणीही लिहिणार नाही हेही दिसते आहे.